नवरदेवाची पाठ

अड्याळात लग्नसराई सुरू झाली की नवरदेवाच्या डोक्यापेक्षा त्याच्या पाठीचा घोर जास्त. हळदीला उघडं बसायचं आणि फोटोवाला नेमका मागूनच टिपणार. आमच्या भाच्याच्या खांद्यांपासून कमरेपर्यंत दाट केस. हळदीला बारा दिवस उरले असताना त्यानं लांब दांड्याचा ट्रिमर मागवला आणि दोन आरशांमध्ये उभा राहिला. हात भलतीकडेच जाई. दोन्ही खवाट्यांच्या मधोमध एक बेट शिल्लक राहिलं.

ट्रिमरचा गुण एवढाच की पातं कातडीला थेट घासत नाही, त्यामुळे जखमा आणि पुटकुळ्या कमी. पण बारीक खुंट राहतातच. भाच्याला पाठ गुळगुळीत हवी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी वॅक्स करायला भंडाऱ्याला गेला. (आमच्या इथल्या पार्लरवर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी आहे.) तिथल्या पोरानं पाठीवर बोट फिरवलं आणि परत पाठवलं. वॅक्सला केस धरायला पाव इंच तरी लांबी लागते, आणि ती आदल्या दिवशीच ट्रिमरनं खाल्लेली. पुन्हा वाढायला दोन-तीन आठवडे. हे आधी कळतं तर तीन-चार आठवड्यांची निश्चिंती मिळाली असती. बदल्यात किंकाळ्या, आणि कुरळे केस असतील तर कातडीखालीच वळून बसलेल्या केसांचे दुखरे फोड.

उरला वस्तरा. माझी पाठ गेली कित्येक वर्षं आमची हीच भादरते. पण भाच्याची अडचण वेगळी : पाठ भादरायला बायको हवी, आणि बायको आणायच्या आधी पाठ भादरायची! शेवटी हळदीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या थोरल्या भावाला कामाला लावलं. हळदीच्याच दिवशी नको, ओरखड्यांवर हळद झोंबते.

सूचना हिच्या. आधी कोमट पाण्याची आंघोळ, मग भरपूर फेस, पातं कोरं. नवरदेवानं स्वतःला मिठी मारून कुबड काढायचं. खवाट्यांमधला खड्डा सपाट होतो आणि कातडी ताणली जाते. पातं केसांच्या दिशेनंच, न दाबता, दर दोन फेऱ्यांना धुवून. तीळ-मस्सा वाचवून. थोरल्यानं घाईत एका खांद्यावर उलटं फिरवलं; सकाळी तेवढ्याच जागी लाल पुरळ. फोटोत हळदीखाली झाकलं गेलं.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नव्या सूनबाईनं हिच्या कानात विचारलं, “मामी, यांची पाठ काथ्यासारखी काहून टोचते?”

हिनं पिशवीतून पात्यांचं कोरं पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं.