हलवायचे आहे, पण कोणी?

सोसायटीच्या फळ्यावर लागते तशी ही एक नोटीस. जागोजागी दिसणारी वाक्ये एकत्र करून मीच ती मांडली आहे, पण यातले एकही वाक्य तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवरील पाण्याची टाकी साफ करायची आहे. त्यामुळे रविवारी पाणी बंद ठेवण्यात येईल. पाणी भरून ठेवायचे आहे. तसेच गच्चीवरील सामान हलवायचे आहे. अन्यथा ते हटविण्यात येईल व खर्च वसूल केला जाईल. आदेशावरून.'

सात क्रियापदे आहेत आणि कर्ता एकही नाही. टाकी साफ करायची आहे, ती सोसायटीने. पाणी भरून ठेवायचे आहे, ते सभासदांनी. दोन्ही वाक्यांचा साचा एकच, पण काम करणारे वेगळे. वाचणारा ते अंदाजाने ओळखतो आणि इथवर त्याचा अंदाज बरोबर येतो. तिसऱ्या 'आयचे आहे'पाशी मात्र अडते. सामान कोणी हलवायचे? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाचतात आणि समजतात की टाकी धुणारी माणसे येणार आहेत, तीच कुंड्या बाजूला करतील. वॉचमन वाचतो आणि समजतो की ज्याचे सामान तोच नेईल. समितीने यावर विचारच केलेला नसतो. रविवारी सकाळी कंत्राटदाराची माणसे पाइप ओढत वर येतात, कुंड्या वाटेतच असतात, दोन फुटतात. मग जिन्यात भांडण. काकू म्हणतात, नोटिशीत हलवायचे आहे असे लिहिले होते. सचिवही तेच म्हणतात. दोघांचेही वाचन व्याकरणाला धरून आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

दोष 'करायचे आहे' या रचनेचा नाही. ही मराठीतली फार कामाची रचना आहे, मात्र तिला कर्ता लागतो आणि तो कोणत्या प्रत्ययाने येतो यावर सगळा अर्थ फिरतो. 'विद्यार्थ्यांनी फी भरायची आहे' ही सूचना झाली, जबाबदारी विद्यार्थ्यांवर. 'विद्यार्थ्यांना फी भरायची आहे' हे वेगळे वाक्य आहे. त्यात विद्यार्थ्यांची गरज किंवा इच्छा सांगितली आहे. बँकेच्या खिडकीशी उभे राहून शिपाई कारकुनाला म्हणेल, 'ह्या मुलांना फी भरायची आहे.' तिथे ते बरोबर. कॉलेजच्या फळ्यावर मात्र 'नी' हवा. अलीकडे प्रवेशाच्या सूचनांत सर्रास 'विद्यार्थ्यांना मूळ कागदपत्रे सादर करायची आहेत', 'पालकांना हजर राहायचे आहे' असे दिसते. पालकांना हजर राहायचे आहे, म्हणजे पालक उत्सुक आहेत की त्यांना यावेच लागेल? 'पालकांनी हजर राहायचे आहे' म्हटले की प्रश्न उरत नाही. एका अक्षराचा फरक, पण हुकूम कुठला आणि हकीकत कुठली हे त्या अक्षरावरच ठरते.

कर्ता गाळायचाच असेल तर मराठीत त्यासाठी वेगळे रूप तयार आहे: विध्यर्थ. 'येथे थुंकू नये.' 'चपला बाहेर काढाव्यात.' 'रांगेत उभे राहावे.' इथेही कर्ता नाही, तरी कोणाचा गोंधळ होत नाही. फळ्यावरचा कर्ता नसलेला विध्यर्थ थेट वाचणाऱ्यावर येऊन पडतो. लिहिणारा स्वतःला 'रांगेत उभे राहावे' असे सांगणार नाही. 'आयचे आहे' मात्र दोन्हीकडे पडू शकते, लिहिणाऱ्यावरही आणि वाचणाऱ्यावरही. 'आयचे नाही'ला ही अडचण नाही. फाटकावर 'येथे गाडी लावायची नाही' म्हटले की ती मनाईच. संदिग्धपणा येतो तो होकारात, आणि नोटिशीत कामे सांगितली जातात तीही होकारातच.

दुकानदारांना हे फार चांगले कळते. 'येथे फॉल-पिको करून मिळेल.' 'दळण दळून मिळेल.' या पाट्यांवर मी मनापासून खूश आहे. कर्ता सांगितलेला नाही, कारण गरज नाही. दुकान समोर आहे, काम दुकानवाला करणार. पण 'मिळेल' या एका शब्दाने ज्याला मिळणार आहे ते गिऱ्हाईक वाक्यात आले. शेजारच्या काचेवर कोणी 'येथे साडीला फॉल-पिको केले जाते' लिहिले तर माहिती तीच, पण गिऱ्हाईक बाहेरच उभे. तसेच 'जागा भाड्याने देणे आहे'. पाटी ज्याच्या दारावर आहे तोच देणार, हे उघड आहे. कर्ता जागेवरून कळत असेल तर तो खुशाल गाळावा. निनावी क्रियापदाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत मी नाही.

आणि 'कर्मणी म्हणजे लपवाछपवी' हा समजही चुकीचा आहे. 'समितीने निर्णय घेतला' हा कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद निर्णयाप्रमाणे चालते, तरी समिती वाक्याच्या तोंडाशी उभी आहे. लपवण्याची सोय आहे ती 'निर्णय घेतला गेला' आणि 'निर्णय घेण्यात आला' या दोन रूपांत. पहिल्याला शाळेच्या व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात आणि त्यात कर्त्याला 'कडून' लागते: रावण रामाकडून मारला गेला. पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्यात राम असतो. नोटिशीत 'कडून' आणि त्याच्या आधीचे नाव, दोन्ही गळून गेलेले असतात.

दुसरे रूप, 'करण्यात येत आहे', आपल्याला सरकारी कागदांमुळे पाठ झाले. पण तो कागद शेवटपर्यंत वाचायला हवा. शासन निर्णयात 'मान्यता देण्यात येत आहे' असे असते, आणि खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ, तिच्याखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पद. राज्य सरकारची कार्यकारी कारवाई राज्यपालांच्या नावाने झाली असे म्हणायचे, हे संविधानाच्या अनुच्छेद १६६ ने ठरवून दिले आहे. म्हणजे त्या वाक्यातला कर्ता कायद्याने नेमलेला आहे आणि तळाशी छापलेला आहे. शिवाय तिथे 'देण्यात येत आहे' म्हणताच मान्यता दिली जाते. तो कागद हीच ती कृती असते. सोसायट्या, शाळा, क्लासेस यांनी वरचे वाक्य उचलले आणि तळाची ओळ सोडून दिली. 'आदेशावरून' लिहिले, पण कोणाच्या? आदेश द्यायला तिथे राज्यपाल नाहीत. सचिव आहेत, मुख्याध्यापिका आहेत, संचालक आहेत. त्यांचे पद लिहायला किती जागा लागते?

सगळ्यात जास्त नुकसान होते ते धमकीच्या वाक्यात. 'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.' 'दंड आकारला जाईल.' 'खर्च वसूल केला जाईल.' दंड कोण आकारणार, किती, पैसे कोणाकडे भरायचे, पावती कोण देणार, चुकीचा दंड लागला तर तक्रार कोणाकडे? कर्ता गेला की या सगळ्या प्रश्नांचा पत्ताच जातो. दंड लावायचा अधिकार आहे का, हा मूळ प्रश्नही मग कोणी विचारत नाही, कारण विचारायचा कोणाला? वाक्यात 'समिती' हा शब्द घालून पाहा: 'समिती दंड आकारेल.' लगेच कोणीतरी विचारील, सभेत ठराव झाला होता का? हाच प्रश्न नको म्हणून कर्ता गाळलेला असतो. काही वेळा जाणूनबुजून, बहुतेकदा सवयीने. वाचणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम एकच.

सचिवांची बाजू मला माहीत आहे. बिनपगारी काम, आणि नाव घातले की लोक घरी येऊन बोलतात. पण कोणी नाव मागतच नाही. 'समिती' किंवा 'सचिव' एवढे पुरते.

जाता जाता आणखी एक. 'बेवारस गाड्यांना उचलले जाईल' ही हिंदीची सावली आहे. निर्जीव कर्माला 'ना' लावून क्रियापद नपुंसकलिंगी करायची मराठीला गरज नाही. 'बेवारस गाड्या उचलल्या जातील' म्हणावे, आणि त्याहून चांगले म्हणजे कोण उचलणार ते सांगावे.

आता तीच नोटीस, कर्ते जागेवर ठेवून:

'रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ पाणी येणार नाही. गच्चीवरची टाकी धुवायला कंत्राटदाराची माणसे येणार आहेत. सभासदांनी शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. गच्चीवर ज्यांचे सामान आहे त्यांनी ते शनिवारी संध्याकाळपर्यंत घरी न्यावे. राहिलेले सामान समिती जिन्याखाली ठेवील आणि हमालीचे पैसे सामानाच्या मालकाकडून पावती देऊन घेईल. अडचण असल्यास शुक्रवारपर्यंत सचिवांना सांगावे. — सचिव, समितीच्या वतीने.'

ही पहिलीपेक्षा लांब आहे, हे कबूल. लांबी वाढली ती माहितीने, कारण कर्ता लिहायला घेतला की बाकीचे आपोआप ठरवावे लागते. 'समिती ठेवील' म्हटल्यावर कुठे ठेवील ते सांगावे लागले. 'पैसे घेईल' म्हटल्यावर पावती आली. पहिल्या नोटिशीत या गोष्टी ठरल्याच नव्हत्या आणि निनावी क्रियापदांमुळे ते झाकले गेले होते. शिवाय 'पाणी येणार नाही' हे वाक्य पाणी बंद करणाऱ्याचे नाव न घेताही नीट चालले आहे, कारण नळ कोण बंद करतो याच्याशी कोणाला देणेघेणे नाही. पाणी किती वाजता येईल याच्याशी आहे, आणि पहिल्या नोटिशीत नेमकी वेळच नव्हती.

तुमच्या फळ्यावर पुढची नोटीस लागेल तेव्हा प्रत्येक 'करायचे आहे' आणि 'केले जाईल' यापुढे पेन्सिलीने 'कोणी?' असे लिहा आणि ती सचिवांकडे घेऊन जा. ते तोंडी उत्तर देतील. ते घेऊ नका. फळ्यावर लिहून मागा.