अकरा पानी शिस्त

कारखान्याच्या क्वालिटी विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मोकळं सोडू नये. तो घरातल्या डब्यांना क्रमांक देतो, आणि डबे संपले की नातेवाइकांकडे वळतो. माझ्या तावडीत भाचीचं सलून सापडलं. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तीन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन आणि मागे वॅक्सिंगची खोली. ती सहज म्हणाली, "मामा, उघडताना-बंद करताना रोज काहीतरी राहून जातं. एक छोटीशी यादी करून द्याल का?"

तिच्या वाक्यातला 'छोटीशी' तेवढा मला ऐकू आला नाही. मी अकरा पानं लिहिली. उद्देश, व्याप्ती, व्याख्या, जबाबदाऱ्या, सुधारित आवृत्तीचा तक्ता. खाली पडलेल्या केसांना मी 'कर्तनोत्तर अवशेष' म्हटलं होतं. उघडण्याच्या यादीत पहिला मुद्दा 'कुलूप काढणे' आणि दुसरा 'शटर वर करणे'. ही यादी मी आतल्या भिंतीवर चिकटवली. सलूनचे मास्टर म्हणजे मुख्य कारागीर. गोरखपूरचा माणूस, कात्री हातात घेऊन वीस वर्षं उभा. त्यांनी ती वाचली आणि अदबीने विचारलं, "मामाजी, जो ये पढ़ रहा है, वो अंदर आया कहाँ से?"

मी नमलो नाही. माझ्या बाजूने मोठमोठी माणसं होती. शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी 2009 साली याद्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यांचे वडील तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले! जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशन थिएटरसाठी यादी काढली, हेही मी मास्टरांना ऐकवलं. त्या यादीत एकोणीसच मुद्दे आहेत, हे मात्र सांगायचं राहिलं. माणसाचं पोट उघडून पुन्हा शिवायला एकोणीस पुरतात. मला नुसत्या केर काढण्याला चौदा लागले होते.

पहिल्याच आठवड्यात निकाल दिसला. एका दुपारी मी अचानक तपासणीला गेलो, तर सगळ्या चौकटींत टिका. शिस्तबद्ध, एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या. मन भरून आलं. मग नजर खाली गेली. 'वॅक्स हीटर बंद केला', टिक. 'गल्ला मोजला', टिक. 'शटर लावून कुलूप ओढून पाहिलं', टिक. दुपारचा एक वाजला होता आणि मी त्या बंद सलूनच्या मधोमध उभा होतो. खोट्या टिकेची खूण हीच: एकसारखी शाई आणि घडण्याआधी नोंद.

पोरांना झापायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक उठलं आणि दुसरं बसलं. माझ्या पानात लिहिलं होतं: प्रत्येक गिऱ्हाइकानंतर फणीतले केस काढा, साबणाने धुवा, पुसा, जंतुनाशकात पूर्ण बुडवून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा धुऊन कोरडी करा. यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. केस आणि तेल तसंच राहिलं तर औषध फणीपर्यंत पोचत नाही, आणि दहा मिनिटांच्या जागी नुसती बुचकळून काढली तर ती फक्त ओली होते. पण खुर्चीमागे फणी होती एक. गिऱ्हाईक मानेला केप लावून आरशात स्वतःकडे बघत बसलंय, आणि कारागिराने फणीच्या आंघोळीसाठी पंधरा मिनिटं थांबायचं? तो टिक करणार आणि कामाला लागणार. मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त सही सुवाच्य असती.

भाचीने दर खुर्चीला फण्यांचे दोन संच आणले, रविवारसाठी तिसरा. साधा कट अर्ध्या तासाचा. तेवढ्यात पहिला संच धुऊन, भिजून, वाळून तयार होतो. दोन डबे ठेवले, उघडा 'वापरलेले' आणि झाकणाचा 'स्वच्छ'. टिकेची गरजच उरली नाही, कारण डब्यात डोकावलं की कळतं. निळ्या दिव्याची पेटीही होती. तिच्यात केसांसकट फण्या टाकून सगळे निर्धास्त असायचे. तो प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो, मळाखाली जात नाही. म्हणून पेटी आता फक्त धुतलेली हत्यारं ठेवायला.

कात्र्यांचं प्रकरण मात्र सर्वस्वी माझं. 2020 च्या जूनअखेर राज्य सरकारने सलून पुन्हा उघडू दिली, तेव्हा दर गिऱ्हाइकानंतर खुर्ची आणि दर दोन तासांनी फरशी निर्जंतुक करा, असं बजावलं होतं. हे नियम दुकानात फलकावर लावायचे होते, म्हणजे सरकारचंही फलकावर भागलं. मी त्यावरून स्फूर्ती घेऊन लिहिलं: 'सर्व हत्यारे रात्री ब्लीचच्या पाण्यात ठेवावीत.' मास्टर त्या दिवशी रजेवर होते. नव्या पोराने माझी आज्ञा तंतोतंत पाळली. अकरा पानांतली ही एकच. सकाळी मास्टरांनी भांड्यातून त्यांची लाडकी कात्री उचलली. धारेवर तपकिरी ठिपके होते, स्क्रू अडकला होता. ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहून त्यांनी ती एकदा उघडायचा प्रयत्न केला, बस्स.

ब्लीच धातूला खातं. त्याची जागा फरशीवर, किंवा कापलं-बिपलं आणि रक्त सांडलं तर तिथे: घरगुती ब्लीचचा एक भाग, पाण्याचे नऊ, रोज ताजं, दहा मिनिटं. हेअर कलरच्या वाट्यांजवळ ते न्यायचंच नाही, कारण त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो आणि दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. कात्री पुसून सत्तर टक्के स्पिरिटमध्ये दहा मिनिटं, मग कोरडी करून सांध्यावर तेलाचा थेंब. स्पिरिट पेट घेतं, म्हणून ते वॅक्स हीटरपासून लांब. वस्तऱ्याचं पातं दर माणसाला नवीन. जुनं जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत कधीच नाही. पिशवी उचलणाऱ्या ताईंचा हात कापला तर त्यांना कावीळ 'बी' होऊ शकते. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो.

शेवटी यादी भाचीने आणि मास्टरांनी केली. कसोटी एकच: जे कधीच राहत नाही ते लिहायचं नाही. शटर गेलं, केर गेला. उघडताना पाच गोष्टी उरल्या: टाकीत पाणी आहे का, गिझर चालू, जंतुनाशक ताजं बनवलं, दर खुर्चीला दोन संच स्वच्छ, नवी पाती किती. बंद करताना सहा: बेसिनच्या जाळीतले केस काढले, टॉवेल-केप धुवायला टाकले, ट्रिमर झाडून-पुसून तेल दिलं, हीटर बंद, गिझर बंद, पात्यांचा डबा भरला का. हीटरची ओळ भिंतीवर नाही, मागच्या खोलीत बटणाशेजारी चिकटवली आहे. शेवटचे दोघं निघताना एक वाचतो, दुसरा बटणाला हात लावून 'बंद' म्हणतो. टिक नाही, सही नाही.

मी आवृत्ती क्रमांक घालायचं सुचवलं. दोघांनी एकदम चहा मागवला.

कात्रीचे पैसे मी दिले. पावती भाचीने माझ्या अकरा पानांमागे टाचून ठेवली आहे. त्या फाइलीतली तेवढी एकच नोंद घटना घडल्यानंतर केलेली आहे.