नाव झाकलं तरी साडू

आमच्या साडूंच्या इन्स्टाग्रामवर किमान चार माणसं नांदतात. पंढरपूरच्या फोटोखाली कीर्तनकार : ‘सावळ्या परब्रह्माच्या दर्शनाचा अलभ्य लाभ!’ मिसळीखाली कॉलेजकुमार : ‘विषय हार्ड, भावा!’ लग्नाच्या वाढदिवसाला कुणी साहेब : ‘फीलिंग ब्लेस्ड’. आणि सूर्योदयाखाली सकाळच्या फॉरवर्डवर गुजराण करणारा तत्त्वज्ञ. साडू तेवढे कुठे सापडत नाहीत.

शेवटी त्यांच्या मुलीने प्रकरण हातात घेतलं. तिने आधी सगळ्या कॅप्शन फोटोंपासून सोडवून एकाखाली एक उतरवल्या. चेहरा समोर असला की आवाजही ओळखीचा वाटतो, म्हणून. मग प्रत्येकीला एकच प्रश्न : ‘बाबा, हे तुम्ही जेवताना बोलाल?’ कीर्तनकारासकट चौघेही तिथेच गारद झाले.

मग खरे साडू बोलतात कसे? तिने मिसळीचा किस्सा त्यांना तोंडी सांगायला लावून फोनवर रेकॉर्ड केला. ‘कोल्हापूरला पोचलो पावणेआठला. मिसळ ऐंशीची, पार्किंग पन्नासचं. तिसऱ्या घासाला मी पाणी मागितलं. हिने कट मागितला.’

झालं, साडू हाती लागले! घड्याळ, खर्च, तोकडी वाक्यं आणि शेवटी बायकोची सरशी. उद्गारचिन्ह नाही, इमोजी नाही. आता क्रम ठरवायचा. इन्स्टाग्राम कॅप्शनला २,२०० अक्षरं देतं खरं, पण फीडमध्ये सुरुवात तेवढी दाखवून बाकीचं more च्या पडद्याआड ढकलतं. म्हणून ‘मिसळ ऐंशीची, पार्किंग पन्नासचं’ हे पहिलं. कोल्हापूर आणि पावणेआठ मागाहून आले तरी चालतात.

यश डोक्यात गेलं. पुढच्या आठवड्यात प्रत्येक कॅप्शन ‘बरं का’ने सुरू होऊ लागली, नातवाच्या बारशालाही पार्किंगचा हिशेब आला. मुलीने ‘बरं का’ सरसकट उडवलं. ‘ते काढून वाक्य तुमचं राहतंय का बघा. नसेल राहत, तर आत तुम्ही नव्हताच.’ खर्चही जिथे खरंच खुपला असेल तिथेच.

माझी शंका वेगळी होती : वाईट प्रसंगी काय करायचं? तेही झालं. फिरायला सोबत येणारा मित्र गेला, तेव्हा साडूंनी लिहिलं, ‘साडेसहाला तो फाटकाशी असायचा. आज मी थांबलो नाही.’ पैसे नाहीत, गंमत नाही; पण घड्याळ आहे, वाक्यं तोकडी आहेत. प्रसंग बदलला, माणूस बदलला नाही.

आता परीक्षा होते ती घरातच. मुलगी नाव आणि फोटो झाकून कॅप्शन वाचते, आईने ओळखायचं. परवा साडूंची आणि माझी अशा दोन्ही वाचल्या. मेहुणीने नवऱ्याला पहिल्याच वाक्यात पकडलं. माझी ऐकून म्हणाली, ‘ही कुठल्यातरी बँकेची जाहिरात आहे.’