कुणाचा, कुठला आणि बिल कुठंय?

महाड-पोलादपूरकडे माणसाची ओळख पटवायला आधारकार्ड लागत नाही. एसटीत शेजारी बसलेला गृहस्थ दासगाव यायच्या आत तुमचं गाव, वाडी, आडनाव, मामाचं गाव आणि मुंबईतला पत्ता काढून घेतो. गावठी कोंबडी घेतानाही ती कुणाच्या खुराड्यातली हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. आणि हाच चौकस माणूस मोबाइलवर 'महाड, १८ हजारांचा फोन फक्त ७ हजारांत, अर्जंट' अशी जाहिरात वाचतो तेव्हा एकाएकी इतका सभ्य होतो की विकणाऱ्याचं नाव विचारणंही त्याला आगाऊपणाचं वाटतं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती टिकते, काचेवर ओरखडा कुठे, याची उलटतपासणी तो फौजदारी वकिलासारखी घेतो. फोन कुणाचा, एवढंच विचारायचं राहून जातं. जाहिरातीत 'महाड' लिहिलंय ना, मग झालं! ते 'महाड' विकणाऱ्याने स्वतःच्या बोटाने निवडलेलं असतं आणि त्यासाठी त्याला सावित्रीचं पाणी चाखावं लागत नाही, ही बारीकशी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

वापरलेली वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. नव्या फोनचा भाव पाहता शहाणा माणूस तेच करील. पण जुन्या वस्तूत आपण विकत काय घेतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. आपण वस्तू घेतो असं आपल्याला वाटतं, कायद्याच्या दृष्टीने आपण विकणाऱ्याचा हक्क घेत असतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचा साधा नियम असा, की विकणाऱ्याकडे जेवढी मालकी, तेवढीच घेणाऱ्याकडे येते. त्याच्याकडे शून्य असेल तर सात हजार मोजून आपल्याकडेही शून्यच येतं, फक्त रोख भरलेलं. शिवाय चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. आता 'तसं मानायला कारण' म्हणजे काय? १८ हजारांचा फोन ७ हजारांत, बिल नाही, डबा नाही, चार्जर नाही आणि विकणारा पोलादपूर स्टँडवर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायला तयार नाही. एवढी कारणं जुळून आल्यावर 'मला काय ठाऊक' म्हणणाऱ्याला फौजदारसाहेब चहा पाजतील, पण विश्वास ठेवतीलच असं नाही.

बरं, विचारायचं तरी कुणाला? तर फोनलाच. त्याच्या डायल पॅडवर `*#06#` दाबलं की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. तो क्रमांक `KYM` लिहून, एक जागा सोडून, टाइप करायचा आणि `14422` ला एसएमएस करायचा. दूरसंचार खात्याच्या नोंदवहीतून उत्तर येतं. त्यात कंपनी आणि मॉडेल असतं आणि क्रमांक काळ्या यादीत आहे का, दुसरीकडे आधीच वापरात आहे का, हेही असतं. हातात एक मॉडेल आणि उत्तरात दुसरंच आलं, तर त्या फोनचं बारसं दोनदा झालेलं आहे असं समजावं आणि पहिली एसटी पकडावी. मात्र या उत्तरालाही मर्यादा आहे. क्रमांक काळ्या यादीत जातो तो तक्रार झाल्यावर. काल संध्याकाळी महाडच्या बाजारात कुणाच्या खिशातून गेलेला फोन आज सकाळी नोंदवहीत अगदी सोज्वळ दिसू शकतो. महिन्याभराने मालकाने तक्रार करून तो बंद करवला, की आपलं सिम घातलेला फोन मुका होतो आणि त्याच सिमच्या आधारे पोलीस आपल्यापर्यंत येतात. पुढे पोलीस ठाण्यात फोन परत देण्याचा कार्यक्रम होतो, पेपरात फोटो येतो. त्या फोटोत मूळ मालक असतो, साहेब असतात, फोन असतो. सात हजारवाला नसतो.

म्हणून बिल. 'बिल हरवलं हो, घर बदलताना' हे उत्तर प्रामाणिक माणसाचंही असू शकतं, हे मान्य. माझ्याही मते बिल नाही म्हणून कुणाला चोर ठरवू नये. पण प्रामाणिक माणसाकडे दुसरं काहीतरी निघतं. डब्यावरचा आयएमईआय असतो, दुकानदाराच्या वहीतली नोंद असते, ऑनलाइन घेतला असेल तर खात्यात जुनी ऑर्डर सापडते. ज्याच्याकडे यातलं काहीच नसतं आणि 'बिल उद्या पाठवतो' म्हणून जो दुसऱ्या दिवशी खरोखरच चकचकीत बिल पाठवतो, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं. समजा, त्या सात हजारांच्या फोनचं बिल आलं. तारीख दिवाळी २०२२ ची, दुकान महाडचं, जीएसटी १२ टक्के. इथेच बनाव उघडा पडतो. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला आहे. २०२२ मध्ये १२ टक्के लावणारा दुकानदार एकतर झोपेत होता किंवा अस्तित्वातच नव्हता. मग जीएसटी क्रमांक बघावा. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा आकडा २७. महाडच्या दुकानाच्या क्रमांकाची सुरुवात २४ ने होत असेल तर ते दुकान रातोरात गुजरातेत गेलेलं आहे. इथल्या दुकानाच्या बिलात केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ असे दोन तुकडे दिसायला हवेत. परराज्यातून मागवलेला माल असेल तर आयजीएसटीचे एकत्र १८. क्रमांक खरा की खोटा, हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट कळतं. तिथे टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. मोबाइल दुकानाच्या बिलावरचा क्रमांक खताच्या दुकानाचा निघाला तर हसून घ्यावं, पैसे तर वाचले. आणि शेवटी बिलावरचा, डब्यावरचा आणि फोनच्या पडद्यावरचा आयएमईआय एकच आहे का, हे बोट ठेवून वाचावं. पंधरा आकडे वाचायला अर्धं मिनिट लागतं.

आता आपल्या तालुक्याच्या मर्मावर बोट ठेवणारा प्रकार. महाड तालुक्यात एका गावाच्या नावातच फौजी आहे, फौजी आंबवडे. घराघरातून सैन्यात माणूस देणारं गाव. इथे वर्दीचा मान शिकवावा लागत नाही, आणि भामट्यालाही ते ठाऊक आहे. तो जाहिरातीत वर्दीतला फोटो लावतो, 'बदली झाली, सामान नेता येत नाही' म्हणतो, न मागता ओळखपत्र, कँटीनचं कार्ड आणि आधार पाठवतो. भेटता येणार नाही, कारण ड्यूटी. माल मात्र 'आर्मी ट्रान्सपोर्ट'ने घरपोच येईल, आधी दोन हजार गेटपासचे, परत मिळणारे. मग विम्याचे, तेही परत मिळणारे. मग कराचे, तेही परत मिळणारे. शेवटी परत मिळत नाही ते एकच, उत्तर. आपल्या खाजगी फ्रिजची पार्सलं सैन्य पोचवत नाही, त्याला दुसरी कामं आहेत. ओळखपत्र पाठवल्याने ओळख पटते हा समजही सोडावा, कारण ते कार्ड बहुतेक वेळा अशाच एखाद्या भल्या माणसाकडून उकळलेलं असतं. खऱ्या फौज्याला 'कुठल्या गावचा, कुणाचा?' विचारा. तो गाव, वाडी आणि सरपंच सांगून वर तुम्हालाच चार प्रश्न विचारील. भामटा 'सर, ट्रस्ट नाही का?' असं विचारतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की एवढी चौकशी करत बसलं तर वस्तू दुसरा नेतो, निदान पाचशेचं टोकन तरी पाठवावं. नेऊ द्या! टोकन म्हणजे न पाहिलेल्या वस्तूसाठी न पाहिलेल्या माणसाला दिलेली दक्षिणा. पैशाचा क्रम सोपा आहे. वस्तू आधी, पैसे नंतर, आणि दोन्ही एकाच जागी, दिवसाउजेडी. फोन घेताना आपलं सिम घालून एक फोन लावावा. विकणाऱ्याने आपल्यासमोर त्याचं खातं काढून फोन कोरा करावा. नुसता कोरा केला आणि खातं आत राहिलं, तर घरी गेल्यावर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि आपल्या हातात सात हजारांचं पेपरवेट उरतं. मग यूपीआयने पैसे द्यावेत, कारण रोखीला मागमूस नसतो. पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं ते वाचावं. विकणारा पाटील, बिल जाधवांचं आणि खातं कुणा तिसऱ्याचं असेल, 'मेव्हण्याचं आहे' असं कळलं, तर मेव्हण्यालाच बोलवा म्हणावं. आणि एका चिठ्ठीवर तारीख, रक्कम, दोन्ही आयएमईआय आणि सही. जो सहीला कचरतो त्याने निर्णय सोपा केला. विकणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. तुमच्या जुन्या मिक्सरला सांगितलेला भाव जो एक रुपयाही न घासता कबूल करतो आणि 'पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' म्हणतो, तो गिऱ्हाईक नव्हे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनची गोष्ट वेगळी. तिथे बिलापेक्षा मोठा साक्षीदार चिखल आहे. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण एकाच दिवशी बुडाले. पुराची रेघ भिंतीवर कशी दिसते हे इथे कुणी कुणाला सांगायला नको. तीच रेघ यंत्रातही असते, फक्त बाहेरून पुसलेली. फ्रिज भिंतीपासून ओढून मागे, खाली, कॉम्प्रेसरजवळ बॅटरी मारावी. स्क्रूच्या खाचेत वाळलेला गाळ, एकाच उंचीपर्यंत चढलेला गंज, दाराच्या रबराच्या घडीत माती, मागच्या स्टिकरवर पाण्याचा डाग दिसला की समजावं. पाणी भिंतीतल्या फोममध्ये शिरलं की ते नीट सुकत नाही; थंडावा राहत नाही आणि कुबट वास येत राहतो. तारांत ओल राहिली तर पत्रा झटका देतो. 'फक्त दोन वर्षं वापरला' म्हणणाऱ्याला सांगावं, सकाळपासून बंद ठेवा, आम्ही दुपारी येतो. आधीच गार करून ठेवलेला फ्रिज बघण्यात अर्थ नाही. आपल्यासमोर सुरू करून दोन-तीन तासांत फ्रीजरमध्ये बर्फ धरतो का, ते बघायचं. तेवढा वेळ गप्पा मारायला कोकणात अडचण येत नाही, आणि गप्पांत फ्रिज २०२१ च्या पावसात कुठल्या आळीत होता हेही निघतंच.

'ॲपवाले जबाबदार नाहीत का?' असं विचारणारे बरेच भेटतात. नोंदणीच्या अटी उघडून बघा. जाहिरात छापणारा फळा एवढीच भूमिका त्यांनी बारीक अक्षरात घेतलेली असते, आणि आपण ती न वाचता 'मान्य' दाबलेलं असतं. घरगुती विकणारा दुकानदार नसल्याने ग्राहक आयोगाची वाटही अरुंद. उरतो तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा फोन क्रमांक. पैसे गेल्याबरोबर त्यावर फोन केला तर ते समोरच्याच्या खात्यात गोठवता येतात, काढून घेतल्यावर नाही. लाजेपायी रात्रभर थांबून, सकाळी भाऊजींचा सल्ला घेऊन मग फोन करणाऱ्याच्या आधी भामटा एटीएमवर पोचलेला असतो.