आकडा आधी, मोबाइल नंबर नंतर

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण पट्ट्यात फ्लॅटचं पझेशन जवळ आलं की घरात हिशोब सुरू होतो, किचनला किती आणि वॉर्डरोबला किती. म्हणून इंटिरियरवाले वेबसाइटवर कॅल्क्युलेटर टाकतात. चार पायऱ्या भरून घेतात आणि आकडा दाखवायच्या वेळी पडदा टाकून मोबाइल नंबर मागतात. हे बंद करा. गिऱ्हाईक चिडून खोटा नंबर टाकतं किंवा निघून जातं, आणि सेल्सची पोरं दिवसभर भलत्यांनाच फोन लावत बसतात.

आकडा आधी दाखवायचा, तर तो साइटवर टिकला पाहिजे. तो सगळ्यात जास्त फसतो एल आकाराच्या किचनमध्ये. समजा, एक भिंत १० फूट, दुसरी ८. फॉर्म १८ रनिंग फूट धरतो. पण ओटा २ फूट खोल, त्यामुळे कोपरा दोन्ही भिंतींत मोजला गेला. खरी लांबी १६. यू आकारात दोन कोपरे, म्हणजे ४ फूट वजा. वरखाली कपाटांसह रनिंग फुटाला ९,००० रुपये धरले, तर आपलं १६ फुटांचं किचन १,४४,००० रुपयांचं. ७ बाय ७ फुटांचे दोन वॉर्डरोब, १,४०० रुपये चौरस फुटाने, १,३७,२०० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ३,३१,८१६. कोपरा वजा केला नसता तर २१,२४० रुपये जास्त दिसले असते, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं.

एवढा नेमका आकडा मात्र पडद्यावर टाकू नका. माप अजून घेतलेलं नाही. दहा टक्के खाली-वर धरून ‘३ लाख ते ३ लाख ६५ हजार, जीएसटीसह’ असं लिहा. प्लाय आणि लॅमिनेट कोणतं धरलंय तेही त्याखालीच सांगा.

मग नंबर मागा, कारण देऊन: ‘खोलीनिहाय हिशोबाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का?’ संमतीची चौकट रिकामी ठेवा, आधीच टिक मारून ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यालाही मोकळी, स्पष्ट संमतीच हवी आहे.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये नसतोच: पझेशन कधी? पुढच्या महिन्यात चावी मिळणाऱ्याला आज फोन करायचा, वर्षभराने मिळणाऱ्याला आज छळायचं नाही. आणि रेट ब्राउझरच्या कोडमध्ये ठेवू नका, स्पर्धक दोन मिनिटांत वाचतो. हिशोब सर्व्हरवर करा आणि प्रत्येक अंदाजासोबत त्या दिवशीचा रेट तारखेसह साठवा. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक तीच पीडीएफ घेऊन ऑफिसात येतं, तेव्हा फरक प्लायच्या भाववाढीचा की मापाचा, ते त्याला कागदावर दाखवता येतं.