परीक्षकांचे आभार : व्याख्या, प्रकार आणि उपयोग

शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्यक्षात दोन प्रदर्शने भरतात. पहिले विज्ञानाचे, ते सकाळी फीत कापून सुरू होते. दुसरे आभारांचे, ते बक्षीस वितरण आणि वंदे मातरम् यांच्या मधल्या जागेत उरकले जाते. आभारांची यादी प्रमुख पाहुण्यांपासून निघते, मंडपवाले, स्पीकरवाले आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना भेटत भेटत 'ज्ञात-अज्ञात हातां'पाशी थांबते. परीक्षक या यादीत साधारण मध्यावर येतात. प्रस्तुत नोंद तेवढ्याच मुक्कामापुरती आहे.

तालुका पातळीवर परीक्षक बहुधा तीन असतात. पहिले निवृत्त मुख्याध्यापक असतात. त्यांना नाही म्हणता येत नाही. दुसरे शेजारच्या तालुक्यातले विज्ञान शिक्षक असतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तालुक्याचे प्रदर्शन असते आणि तिथे इथलेच शिक्षक परीक्षक म्हणून जायचे असतात. तिसरे जवळच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असतात. ते सहसा आयत्या वेळी, ठरलेल्या परीक्षकांच्या घरी लग्न निघाल्यामुळे आलेले असतात. तिघांना गुलाबपुष्प, उपमा आणि गुणपत्रक या क्रमाने वस्तू दिल्या जातात.

गुणपत्रकावर निकष छापलेले असतात. राष्ट्रीय प्रदर्शनासाठी एनसीईआरटीने दिलेल्या निकषांत मुलांची स्वतःची कल्पकता २० टक्के, नावीन्य, वैज्ञानिक विचार, तांत्रिक कौशल्य आणि समाजोपयोग प्रत्येकी १५ टक्के, तर कमी खर्च व टिकाऊपणा १० आणि सादरीकरण १० टक्के अशी विभागणी आहे. म्हणजे मूल किती छान बोलते याला दहाच टक्के आहेत. प्रत्यक्ष परीक्षणात हे प्रमाण टिकत नाही. ६० प्रतिकृती आणि तीन तास असा हिशेब धरला तर एका प्रतिकृतीला तीन मिनिटे मिळतात, आणि त्यातली अडीच मिनिटे मूल पाठ केलेले बोलत असते. उरलेल्या अर्ध्या मिनिटात प्रश्न विचारणे हा परीक्षकाचा अधिकार आहे. तो वापरणाऱ्यास पुढे 'कडक' म्हणतात.

उदाहरणादाखल 'अखंड ऊर्जा यंत्र' ही प्रतिकृती घेता येईल. ती नसलेले प्रदर्शन शोधावे लागते. हिच्यात एका फळीवर एक छोटी मोटर आणि एक डायनामो बसवलेला असतो. दोघांच्या चाकांवरून रबरी पट्टा फिरतो. बॅटरीने मोटर फिरते, मोटरीने डायनामो फिरतो, डायनामोच्या विजेवर दिवा लागतो आणि तीच वीज परत मोटरीला मिळते, असे सांगितले जाते. एकदा सुरू केले की यंत्र थांबत नाही, म्हणून भारनियमनावर हा रामबाण उपाय आहे, या वाक्याने सादरीकरण संपते.

पहिले परीक्षक मुलाच्या पाठीवर थाप मारतात. दुसरे परीक्षक यंत्राला किती खर्च आला ते विचारतात आणि उत्तर ऐकून मान डोलावतात. तिसरे परीक्षक बॅटरीची वायर काढायला सांगतात.

वायर काढल्यावर चाक चारपाच फेरे मारते आणि थांबते. चाक जड असेल तर ते थोडे जास्त फिरते. बघणाऱ्याची श्रद्धा त्या जास्तीच्या फेऱ्यांवरच बसलेली असते. कधी वायर काढूनही यंत्र थांबत नाही. तेव्हा टेबलाची चादर उचलून पाहायची असते. तिच्याखाली नऊ व्होल्टची दुसरी बॅटरी असते.

यानंतर तिसरे परीक्षक गुणपत्रकाच्या शेरा रकान्यात लिहितात. हा रकाना दीड इंच रुंद असतो, कारण त्यात 'छान' एवढेच मावावे अशी अपेक्षा असते. त्यांचा शेरा मार्जिनमधून वळसा घेऊन मागच्या पानावर जातो. शेरा असा : "मोटरीच्या आणि डायनामोच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर व अ‍ॅमीटर लावा. व्होल्ट गुणिले अँपिअर करून दोन्हीकडचे वॅट लिहा. प्रतिकृतीचे नाव बदला : ऊर्जा कुठे जाते?"

शेऱ्याचा अर्थ आकड्यांत सांगता येतो. समजा, मोटरीला ६ व्होल्टवर अर्धा अँपिअर वीज दिली, म्हणजे ३ वॅट दिले. अशा छोट्या मोटरीतून ढोबळमानाने निम्मी ऊर्जा फिरण्यात उतरते, म्हणजे दीड वॅट. डायनामोही तितकाच बरा असेल तर त्यातून पाऊण वॅट बाहेर येतो. तीन गेले, पाऊण आला. आता या पाऊण वॅटात दिवाही लावायचा आहे आणि तीन वॅट खाणारी मोटरही फिरवायची आहे. उरलेले सव्वादोन वॅट तारांच्या वेटोळ्यांत, पट्ट्याच्या घर्षणात, ब्रशच्या ठिणग्यांत आणि घरघर आवाजात जातात. मोटरीच्या अंगाला बोट लावले तर त्यातली बरीचशी ऊर्जा बोटाला सापडते. भारनियमनाचा प्रश्न यंत्राने सुटत नाही. यंत्रामुळे तो फळीवर मांडून मात्र दाखवता येतो. चांगली प्रतिकृती होण्यास हे पुरेसे आहे, असे तिसऱ्या परीक्षकांचे म्हणणे असते.

दुपारी 'परीक्षकांचे मनोगत' होते. पहिले परीक्षक सर्वच प्रतिकृती एकापेक्षा एक असल्याचे आणि निर्णय देताना कस लागल्याचे सांगतात. दुसरे आयोजनाचे, विशेषतः भोजनाचे, कौतुक करतात. तिसरे म्हणतात की सात प्रतिकृती एकाच व्हिडिओवरून केलेल्या दिसतात, थर्माकोलपेक्षा मोजमाप कमी आहे, आणि ज्या मुलांनी यंत्र बंद पडल्याचे कबूल केले त्यांच्याकडून खूप कळले. या वेळी मंडपात जी शांतता पसरते, ती दिवसभर 'शांतता राखा' असे सांगूनही पसरलेली नसते. संयोजक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात.

आता आभारप्रदर्शन. या भाषणाचा मसुदा आदल्या रात्री तयार असतो, त्यामुळे मनोगतात काय बोलले गेले याचा त्यावर परिणाम होत नाही. पहिल्या दोन परीक्षकांनी वेळात वेळ काढला, त्यांचा अमूल्य सहवास लाभला, आणि आभार मानून त्यांच्या ऋणातून मुक्त होण्याऐवजी ऋणातच राहणे आयोजक पसंत करतात. तिसऱ्या परीक्षकांसाठी राखीव शब्दप्रयोग 'मौलिक सूचना' हा आहे. मौलिक म्हणजे मुळाशी जाणारी. आणि मुळाशी गेलेली गोष्ट जमिनीखाली असल्याने दिसत नाही. 'मौलिक सूचनांची नोंद घेतली आहे' याचा अर्थ ती कुठल्याही वहीत नाही असा होतो. 'सरांच्या परखड विचारांबद्दल आभार' याचा अर्थ पुढच्या वर्षी दुसरे प्राध्यापक बोलवावेत असा होतो. नारळ मात्र तिघांना सारख्या आकाराचा दिला जातो.

निकाल जाहीर होतो तेव्हा आणखी एक गंमत घडते आणि ती फक्त गुणांची बेरीज करणाऱ्या लिपिकाला दिसते. तीन प्रतिकृतींचे गुण पाहू. अखंड ऊर्जा यंत्राला तिघांनी अनुक्रमे ८१, ८० आणि ४८ गुण दिले. पाणी गाळण्याच्या यंत्राला ८०, ७८ आणि ६६. पालेभाजी वाळवण्याच्या सौरपेटीला ७९, ७९ आणि ८४. सौरपेटीवाल्या मुलीने मेथी वाळवण्यापूर्वी आणि वाळवल्यावर वजन करून वहीत लिहिले होते. ढगाळ दिवशी मेथी काळी पडली, तेही लिहिले होते.

बेरीज अशी येते : ऊर्जा यंत्र २०९, पाणी २२४, सौरपेटी २४२. पहिल्या दोघांनी एकमताने पहिले ठरवलेले यंत्र शेवटी गेले आणि निकाल तिसऱ्यांच्या क्रमानेच लागला. यात कट नाही, अंकगणित आहे. ज्याने सगळ्यांना ७८ ते ८१ या गल्लीतच गुण वाटले, त्याच्या मताने बेरीज हलत नाही. ज्याने ४८ ही दिले आणि ८४ ही दिले, तोच निकाल ठरवतो. कोणाला न दुखावणाऱ्या परीक्षकाने गुणपत्रकावर केलेली एकमेव परिणामकारक नोंद म्हणजे त्याची सही.

यावर उपाय आहे. गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाने दिलेले क्रमांक मिळवावेत, म्हणजे तिघांचे वजन सारखे होते. तसे केल्यास ऊर्जा यंत्राचे क्रमांक १, १ आणि ३, बेरीज ५. सौरपेटीचे ३, २ आणि १, बेरीज ६. तिथे दुसऱ्या परीक्षकांनी सौरपेटीला पाण्याच्या पुढे ठेवल्याने पाण्याची बेरीज ७. सर्वांत कमी बेरीज ऊर्जा यंत्राची, म्हणून ते जिल्ह्याला जाते. न्याय पूर्ण होतो आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तालुक्यापुरता स्थगित होतो. पद्धत कोणतीही वापरली तरी आभाराच्या मसुद्यात परीक्षकांच्या 'अचूक निवडी'चा उल्लेख तसाच राहतो. पहिल्या पद्धतीत ही निवड ज्यांची असते, त्यांच्या वाट्याला 'परखड' हा शब्द येतो.

आभारांचा दुसरा प्रकार दुर्मीळ आहे. तो माईकवर होत नाही आणि त्याला बराच उशीर लागतो. ऊर्जा यंत्र बनवणारी दोन मुले शेऱ्याची झेरॉक्स मागून घेतात. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडून मिळवतात. दोनपैकी एका अ‍ॅमीटरचा काटा अडकलेला असल्याने एकच मीटर आळीपाळीने दोन्हीकडे लावतात. पट्टा सैल ठेवला तर तो घसरतो आणि दिवा मिणमिणतो. पट्टा ताणला तर चाकाचा आस दाबला जाऊन मोटर जास्त वीज ओढते. या दोन्हींच्या मधला ताण सापडेपर्यंत ती आकडे लिहीत राहतात आणि एका पोस्टकार्डावर तिसऱ्या परीक्षकांना कळवतात : "दिले ३ वॅट. पट्टा सैल असताना मिळाले अर्धा वॅट. नीट बसवल्यावर पाऊण. त्याहून जास्त येत नाही. नाव बदलले आहे."

परीक्षकांचा पत्ता मुलांकडे नसल्याने हे कार्ड आयोजक शाळेच्या पत्त्यावर येते. त्यात आभार हा शब्द नसतो, गुलाबपुष्प नसते, ऋणही नसते. नुसते आकडे असतात. त्यामुळे आवक बारनिशीत त्याची नोंद 'विषय : तक्रार' अशी होते.