काळं क्रीम, कडू जीभ

नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला केकही चंद्रकलेच्या रंगाचा, काळाशार हवा अशी फर्माईश आली आणि प्रस्तुत लेखिकेची मान आपोआप ताठ झाली. काळं क्रीम जमावं तर तिलाच, अशी सोसायटीत ख्याती आहे. ती तिनेच पसरवली आहे.

पांढऱ्या बटरक्रीममध्ये काळा जेल घालत गेलं की आधी करडा रंग येतो, मग जांभळट. काळा येईपर्यंत बाटली तळाला जाते. या जेलमध्ये बहुधा लाल, निळा, पिवळा असे रंग एकत्र असतात. थेंबभर असले तर ते गप्प बसतात, पण चमच्यांनी पडले की घास गिळल्यावर घशाशी कडवटपणा उठतो.

म्हणून लेखिका मुळात गडदच सुरुवात करते. 250 ग्रॅम बिनमिठाचं बटर फेसायचं, त्यात 400 ग्रॅम आयसिंग शुगर आणि 60 ग्रॅम ब्लॅक कोको चाळून घालायचा, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दूध. ब्लॅक कोकोवर अल्कलीची प्रक्रिया जास्त झालेली असते, त्यामुळे तो साध्या कोकोहून काळा आणि चवीला सौम्य. मग जेल अर्धा चमचा पुरतो. डबा झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. जेल पाण्यातला, बटर चरबीचं, त्यामुळे रंग सावकाश मुरतो. सकाळी क्रीम मऊ करून पुन्हा फेटलं की चांगलंच गडद दिसतं. तरीही तपकिरी वाटलं तर चार चमचे क्रीम मायक्रोवेव्हमध्ये वितळवून परत मिसळायचं.

पांढऱ्या बशीवर बोटाने पातळ पट्टी ओढून बघावी. कडा जांभळी किंवा हिरवट दिसली तर भार जेलवर पडलाय. तपकिरी दिसली तर कोकोवर, म्हणजे ठीक.

लाल क्रीमला ही युक्ती लागू नाही. कोको जास्त झाला की लालाचा मरून होतो. तिथे बटर पांढरं होईपर्यंत फेसायचं, नाहीतर त्याचा पिवळेपणा लालाला केशरी करतो. गडद गुलाबीवर हात आवरायचा आणि बाकीचं रात्रीवर सोडायचं.

आता हलवा. काळ्यावर पांढरा हलवा नसेल तर संक्रांत कसली! मंद आचेवर परात, परातीत तीळ, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी हलवत राहायचं. पुन्हा पाक, पुन्हा बोटं. काटा यायला तास जातात आणि बोटं पोळतात. लेखिकेच्या सासूबाई हे सगळं करत, आणि कोणी फोटो काढत नसे. असा हलवा फ्रीजमधल्या केकवर लावून ठेवला तर ओल धरून काटे विरघळतात. तो कापायच्या जरा आधीच लावावा.

बशीच्या कडेला खरवडून ठेवलेलं क्रीम दिसलं की लेखिकेला खरोखर राग येतो. फोटोसाठीच करायचं असेल तर थर्माकोल काय वाईट?

या केकचं क्रीम मात्र कोणी खरवडलं नाही. विहीणबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. दात सगळ्यांचेच मिश्री लावल्यासारखे झाले. त्यावर उपाय नाही. ग्रुप फोटो केक कापायच्या आधी उरकावा.